रुग्णाने बॉटला सांगितलेलं कोण कोण वाचू शकतं?
(आमचा लक्षण-नोंदणी बॉट वापरणाऱ्या दवाखान्यांसाठी)

रुग्ण दवाखान्यात पोहोचण्याआधी बॉट त्याला मोबाइलवर विचारतो: काय होतंय, किती दिवस झाले, कोणती औषधं चालू आहेत. समोरासमोर बोलायला जीभ अडखळते ते माणसं इथे सहज लिहून जातात. पाळी चुकली आहे, रोज दारू लागते, नको त्या जागी फोड आलाय. ही संभाषणं साठून राहतात, म्हणून ती कोणाला उघडता येतात आणि उघडल्याची नोंद कशी राहते, हे तुम्हाला नीट ठाऊक असायला हवं.

रिसेप्शनला नाव, वेळ, नंबर आणि 'तातडीचे' अशी लाल खूण एवढंच दिसतं. छातीत दुखतंय असं कुणी लिहिलं तर खूण लागते आणि रुग्णाला आधी आत पाठवता येतं. त्यासाठी मजकूर वाचायची गरज पडत नाही. नर्सला त्या दिवशी नंबर लावलेल्या रुग्णांचा सारांश दिसतो. पूर्ण संभाषण फक्त तपासणाऱ्या डॉक्टरांना. आमच्या माणसांना एरवी काहीच दिसत नाही. बिघाड झाला तर तुम्ही तुमच्या स्क्रीनवरून दोन तासांची परवानगी देता, ती आपोआप संपते, आणि तेवढ्या वेळात आम्ही काय उघडलं तेही नोंदीत उतरतं.

ही नोंद अशी दिसते:

```
13:12:40  dr-01    VIEW  conv-3318  OK      appt=none
13:14:05  dr-01    VIEW  conv-2907  OK      appt=none
13:20:31  recp-02  VIEW  conv-3318  DENIED  appt=none
```

कोणी, कधी, कोणतं संभाषण, उघडलं की अडवलं, आणि त्या रुग्णाची आज अपॉइंटमेंट होती का. लक्षणांचा एक शब्दही यात नसतो. तो असता तर राखणदारीसाठी ठेवलेली वहीच चोरण्याजोगी झाली असती.

वरच्या तीन ओळी आम्ही समजावण्यापुरत्या घेतल्या आहेत, पण त्या सावकाश वाचा. दुपारी सव्वा वाजता डॉक्टरांच्या लॉगिनवरून दोन जुनी संभाषणं उघडली, आणि दोघांचीही आज अपॉइंटमेंट नाही. डॉक्टर तर तेव्हा जेवायला घरी गेले होते. केबिनमधला संगणक उघडा राहिला आणि कुणीतरी आत जाऊन ओळखीच्या माणसाचं वाचलं. त्यांतलंच एक संभाषण थोड्या वेळाने रिसेप्शनवरून उघडायचा प्रयत्न झाला आणि अडवला गेला. यावरून संशय घेता येतो, पण केबिनमध्ये नेमकं कोण होतं हे नोंद सांगत नाही. तिच्या लेखी ते डॉक्टरच.

दवाखान्यांत खरी अडचण इथेच आहे. एकच पासवर्ड चौघांत, तो मॉनिटरला चिकटवलेला, किंवा सकाळी उघडलेलं लॉगिन रात्रीपर्यंत तसंच. अशा ठिकाणी नोंद कितीही काटेकोर असली तरी तिच्यातलं नाव खोटं पडतं, आणि निर्दोष माणसावर आळ येऊ शकतो. म्हणून आम्ही प्रत्येकाला वेगळं लॉगिन देतो आणि पाच मिनिटं हात लागला नाही की स्क्रीन बंद करतो. हे गैरसोयीचं वाटतं हे आम्हाला कळतं, तरीही ही वेळ वाढवून मागू नका. कुणी नोकरी सोडली तर त्याच दिवशी त्याचं लॉगिन बंद करा.

'तुम्हीच मागाहून नोंद बदलली तर?' हा तुमचा प्रश्न रास्त आहे. प्रत्येक ओळीसोबत तिचा आणि तिच्या आधीच्या ओळीच्या ठशाचा मिळून एक गणिती ठसा साठवला जातो. मधली एक ओळ बदलली किंवा काढली की पुढचे ठसे जुळत नाहीत. संपूर्ण साखळीच नव्याने बनवली तर मात्र हे कळणार नाही. म्हणून दिवसाचा शेवटचा ठसा रोज रात्री तुमच्या ईमेलवर येतो. तो जपून ठेवा. आमच्याकडची नोंद त्याच्याशी जुळली नाही तर आम्हाला जाब विचारा.

ही नोंद आम्ही किमान एक वर्ष ठेवतो. नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झालेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण नियमांतही एवढाच काळ आहे. रुग्णाचं संभाषण पुसलं तरी ओळ राहते, पण तिच्यात उरतो तो फक्त क्रमांक.

मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढला किंवा डॉक्टरांच्या खांद्यावरून कुणी डोकावलं, तर ते नोंदीत येत नाही. केबिनमधला मॉनिटर दाराकडे तोंड करून असेल तर तो आजच वळवून घ्या.

दर शनिवारी 'अपॉइंटमेंट नसताना उघडलेली संभाषणं' ही यादी पाहा. त्यात बहुतेक ओळी साध्याच असतात: रुग्णाचा फोन आला, रिपोर्ट आला. ज्या ओळीचं कारण कुणालाच आठवत नाही, ती कळवा. तिच्या मागच्या-पुढच्या ओळी आम्ही तुमच्यासोबत बसून पाहू.