इन्क्रिमेंट की करेक्शन: अंतर्गत बदलीनंतर पगाराचा ई-मेल

खासगी कंपनीत अंतर्गत बदली होऊन मोठे पद मिळालेला विश्लेषक पगाराविषयी एचआरला लिहितो, तेव्हा त्याला हवे असते करेक्शन आणि तो मागून बसतो इन्क्रिमेंट. दोन्हींत पगार वाढत असल्यामुळे ही गल्लत सहज होते. इन्क्रिमेंट मागील वर्षाच्या कामगिरीवर, चालू पगाराच्या टक्केवारीत ठरते. करेक्शनमध्ये मात्र कंपनीने नव्या पदासाठी ठरवलेल्या वेतनश्रेणीत हा पगार बसतो का, एवढेच पाहायचे असते.

उदाहरणादाखल, पुण्यातील एका रिपोर्टिंग अ‍ॅनालिस्टचे सीटीसी 9 लाख रुपये आहे असे धरू. 1 ऑक्टोबरला ती जोखीम विश्लेषण विभागात सीनिअर अ‍ॅनालिस्ट म्हणून रुजू झाली, तिची ग्रेड एका पायरीने वाढली आणि त्या ग्रेडची श्रेणी 11 ते 15 लाखांची आहे. तिने इन्क्रिमेंट मागितले आणि अगदी 10 टक्के मिळाले, तरी पगार 9.90 लाखांवरच थांबतो, म्हणजे श्रेणीच्या किमान मर्यादेच्याही खाली. त्यातही ‘एप्रिलच्या अप्रेझलमध्ये पाहू’ हे उत्तर तयारच असते, आणि इन्क्रिमेंटच्या मागणीला ते नियमाला धरूनच आहे.

म्हणून तिच्या ई-मेलचा आशय साधारण असा हवा: “1 ऑक्टोबरपासून माझे पदनाम व ग्रेड बदलली आहे, बदलीचे पत्र सोबत जोडले आहे. माझे सध्याचे सीटीसी नव्या ग्रेडच्या किमान मर्यादेपेक्षा 2 लाखांनी कमी आहे. ते 11.40 लाख करावे, हा बदल 1 ऑक्टोबरपासून लागू धरावा आणि एप्रिलचा वार्षिक आढावा यापासून स्वतंत्र ठेवावा, ही विनंती.”

यात मेहनतीचे, घरभाड्याचे किंवा सहकाऱ्याच्या पगाराचे नावही नाही, आणि तेच योग्य आहे. तारखेचे महत्त्व मात्र अनेकांच्या ध्यानात येत नाही. मंजुरी डिसेंबरअखेर आली आणि पत्रात ‘1 जानेवारीपासून’ असे छापले गेले, तर दरमहा 20,000 प्रमाणे तीन महिन्यांचे 60,000 रुपये सीटीसीच्या हिशेबात बुडतात. एप्रिलचा आढावा स्वतंत्र ठेवण्याची विनंती गाळली, तर एप्रिलमध्ये ‘तुमची वाढ नुकतीच झाली आहे’ असे ऐकावे लागण्याची शक्यता मोठी.

पण हे सारे ग्रेड बदलली असेल तरच. कामाचा व्याप वाढूनही बदलीच्या पत्रात जुनीच ग्रेड असेल, तर कंपनीच्या लेखी ती समपातळीवरची बदली ठरते आणि श्रेणीचा मुद्दा टिकत नाही. अशा वेळी पगाराचा आकडा न घालता, वाढलेल्या जबाबदाऱ्या नोंदवून पदाचे पुनर्मूल्यांकन आधी मागावे आणि तो ई-मेल नव्या व्यवस्थापकामार्फत पाठवावा, कारण ग्रेड बदलण्याचा प्रस्ताव सहसा त्यांच्याकडूनच जावा लागतो.