सातबाऱ्याच्या फोटोवरून इंग्रजी भाषांतर: ‘आर’चा एकर होऊ देऊ नका

मुलीच्या किंवा मुलाच्या परदेशी व्हिसासाठी शेतजमीन दाखवायची ठरली, की गावाकडून व्हॉट्सॲपवर सातबाऱ्याचा फोटो येतो. त्यावरून कच्चा मसुदा तयार करायला हरकत नाही. पण वकिलातीला किंवा बँकेला जोडायचं भाषांतर मात्र ताज्या प्रतीवरूनच करा. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो आणि गट क्रमांक माहीत असला की तो कुणालाही काढता येतो. सोबत आठ-अ, अर्जदाराच्या पासपोर्टची प्रत आणि वारसाने नाव लागलं असेल तर त्या फेरफाराचा उतारा ठेवा.

समजा, करवीर तालुक्यातल्या एका गावचा उतारा आहे. त्यावर गट क्रमांक २१४/२/क आणि एकूण क्षेत्र ०.६५.५० लिहिलं आहे.

आधी क्रमांक पाहू. जुन्या हस्तलिखित उताऱ्याच्या फोटोत १ आणि ९, ३ आणि ६ यांची गल्लत होते. तिरपी रेघ घडीत गेली, तर २१४/२ चा २१४२ होऊन बसतो. म्हणून हाच क्रमांक आठ-अ वर शोधा. तिथं खात्यातले सगळे गट एकाखाली एक असतात. कोल्हापूर शहरात आणि लगत ‘रि.स.नं.’ म्हणजे रिव्हिजन सर्व्हे नंबर दिसतो, तर सिटी सर्व्हेचा ‘सि.स.नं.’ वेगळा. गट, रि.स. आणि सि.स. या तिघांना सरसकट सर्व्हे नंबर म्हणू नका. उताऱ्यावर जे आहे तेच इंग्रजीत ठेवा. ‘क’ला काहीजण इंग्रजी तिसरं अक्षर लावतात. मी उच्चाराप्रमाणे लिहितो आणि खाली टीप देतो, कारण मूळ उतारा समोर ठेवून पाहणाऱ्याला तेच जुळवता येतं.

क्षेत्रात सर्वांत महागात पडणारी चूक होते. ०.६५.५० म्हणजे शून्य हेक्टर, ६५ आर, ५० चौरस मीटर. एका हेक्टरात १०० आर आणि एका आरात १०० चौरस मीटर, म्हणजे एकूण ६,५५० चौरस मीटर. घाईत ‘आर’चा ‘एकर’ झाला, तर जमीन चाळीसपट फुगते. आर म्हणजे गुंठाही नव्हे; गुंठा सुमारे १०१.१७ चौरस मीटरचा, त्यामुळे हे क्षेत्र ६४.७४ गुंठे, साधारण १.६२ एकर भरतं. मूळ आकडा तसाच ठेवून पुढे चौरस मीटर द्या:

```
Gat No. 214/2/Ka
Total area: 0.65.50 (Hectare.Are.Sq.m) = 6,550 sq. m.
Cultivable: 0.62.00   Pot-kharaba: 0.03.50
```

लागवडयोग्य आणि पोटखराबा यांची बेरीज एकूण क्षेत्राशी जुळली नाही, तर फोटोतला एखादा अंक चुकीचा वाचला गेलाय. हा ताळा कधी टाळू नका.

आता नावं. आपल्याकडं उताऱ्यावर ‘दादासो’ असतं आणि पासपोर्टवर ‘दादासाहेब’. भाषांतरकाराने ‘दादासो’च लिहायचं, ते बदलायचा अधिकार त्याला नाही. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत, हे सांगणारं प्रतिज्ञापत्र अर्जदाराने वेगळं जोडावं. ‘चौगुले’सारख्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन प्रकारे होतं, तिथं पासपोर्टवरचंच घ्या.

कंसातल्या नावाकडं मात्र डोळे उघडे ठेवून पाहा. कंस केलेलं नाव म्हणजे फेरफाराने कमी झालेलं नाव. फोटोची कड कापली गेली आणि कंस दिसला नाही, तर वारलेले आजोबा आजही मालक ठरतात. इंग्रजीतही कंस ठेवा आणि मूळ उताऱ्यावर ते नाव कमी केलेलं आहे, अशी टीप द्या.

खातेदारांच्या नावांपुढं स्वतंत्र क्षेत्र लिहिलेलं असेल, तर अर्जदाराचं तेवढंच धरा. सामाईक खातं असेल तर एकूण क्षेत्राला नावांच्या संख्येने भागून हिस्सा काढू नका. सातबारा जे सांगत नाही ते भाषांतरानेही सांगायचं नसतं.

शेवटी भाषांतरकाराचं निवेदन: हे मूळ दस्ताचं अचूक भाषांतर आहे हे वाक्य, तारीख, पूर्ण नाव, सही आणि संपर्क. ब्रिटनच्या व्हिसाला या सगळ्या गोष्टी लागतात. काम घरच्या माणसाकडून करून घेऊ नका. नोटरी मागितली असेल तरच करा. नोटरी भाषांतरकाराची सही आणि शपथ नोंदवतो, गट क्रमांक तपासत नाही. त्यामुळे शिक्का बसण्याआधी मूळ प्रत आणि भाषांतर शेजारी ठेवून एकाने आकडे मोठ्याने वाचावेत आणि दुसऱ्याने खूण करत जावं.