उठताना येणारी चक्कर म्हणजे साखर उतरलीच असं नाही

"बाबांना वीस वर्षं डायबेटिस आहे. अंथरुणातून उठले की अंधारी येते. साखर उतरली म्हणून आम्ही गूळपाणी देतो. बरोबर ना?" (देवगड)

आधी ग्लुकोमीटरवर साखर बघा. ७० च्या खाली असेल तर गोड द्याच. पण आडवं होताच चक्कर थांबत असेल, तर बहुधा ती बीपी पडल्याची असते. उभं राहिल्यावर रक्त पायांकडे उतरतं. तेव्हा शिरा आवळून धरायला सांगणाऱ्या नसा जुन्या मधुमेहात झिजतात.

घरीच तपासता येतं. पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या, मग उभं करून एक आणि तीन मिनिटांनी घ्या. शेजारी कुणीतरी धरायला हवं. समजा, झोपून १५०/८४ आणि उभं राहून ११८/७० आलं. वरचा आकडा ३२ ने पडला. उभ्याने बीपी पडतो म्हणायला २० ने पडला तरी पुरे. अशा वेळी नाडी ७२ वरून जेमतेम ७६ झाली, तर संशय नसांवरच जातो.

अशाच नसा घाम आणि लघवीही सांभाळतात, म्हणून मग बाकीचंही विचारा. जेवताना तोंडाला घाम फुटतो, पण वैशाखातही पावलं कोरडी? अशा पायांना भेगा पडतात, कातळावर अनवाणी नकोच. लघवीची जाणीव होत नाही, धार मंद आहे? लघवी करून आल्यावर सोनोग्राफी केली की मूत्राशयात किती उरली ते कळतं. हे सगळं 'प्रोस्टेट'वर ढकलून दिलेल्या काही गोळ्या बीपी आणखी पाडतात, म्हणून उभ्याचे आकडे डॉक्टरांना आधी दाखवा. बीपीची गोळी मात्र परस्पर बंद करू नका.