वाशाची लांबी आणि छपराचा उतार

दुपाखी छपराच्या वाशाची लांबी आणि त्याचा आडव्या रेषेशी होणारा कोन ही दोन्ही मापे गाळा आणि उठाव यांवरून निघतात. समोरासमोरच्या भिंतींवर वासे टेकवायला जी आडवी लाकडे बसवतात, त्यांच्या बाहेरच्या कडांमधील अंतर म्हणजे गाळा. त्या लाकडांपासून आढ्यापर्यंतची उभी उंची म्हणजे उठाव.

नाशिक जिल्ह्यात येवला-मालेगावकडच्या कोरड्या भागात मातीच्या सपाट धाब्याची घरे उभी राहिली. इगतपुरी-त्र्यंबकेश्वरकडे मात्र पाऊस इतका की पाणी चटकन ओघळून जाईल असा उतार द्यावाच लागतो. तिथल्या एका कौलारू घराचा गाळा १६ फूट आणि उठाव ६ फूट धरू. आढे मध्यावर असल्याने एका वाशाच्या वाट्याला गाळ्याचा निम्माच भाग येतो, म्हणजे ८ फूट. ८ आणि ६ या काटकोनातील बाजू, वासा हा कर्ण:

√(८² + ६²) = √१०० = १० फूट

उठावाला अर्ध्या गाळ्याने भागले की ०.७५ येते. हे कोनाचे टॅन्जंट. कोन सुमारे ३६.९ अंश. इथे चुकून पूर्ण १६ फूट घेतले, तर कोन २०.६ अंश आणि वासा १७ फुटांहून लांब येतो. वासा अख्ख्या गाळ्यापेक्षा लांब निघाला की निम्मे करायचे राहिले हे उघड आहे, कारण आढे फार उंच नसेल तर तसे होत नाही.

खरी गफलत वळचणीत होते. भिंतीबाहेर २ फूट वळचण हवी म्हणून वाशात २ फूट वाढवले, तर ती कमी पडते. वासा तिरका जातो. आडव्या ८ फुटांना १० फूट लागतात, तर २ फुटांना अडीच. एकूण साडेबारा फूट. आढ्याची फळी २ इंच जाड असेल आणि वासे तिच्या दोन्ही अंगांना टेकत असतील, तर तिची अर्धी जाडी, आडवी १ इंच, म्हणजे उतारावर सव्वा इंच वजा करायचा. राहिले १२ फूट पावणेपाच इंच. शिवाय वळचण खालीही उतरते: २ फुटांना दीड फूट. भिंत साडेआठ फुटांची असेल तर वळचणीची कड ७ फुटांवर येते. ओटा उंच असेल, तर तिथे उभा राहणारा उंच माणूस डोके आपटून घेईल.

कापताना कोनमापकाची गरज नसते. गुण्याच्या एका भुजेवरचे १२ इंच आणि दुसरीवरचे ९ इंच वाशाच्या एकाच कडेवर धरले, की ९ च्या भुजेने आढ्याकडचा उभा काप आणि १२ च्या भुजेने भिंतीवर बसणारी आडवी खाच आखता येते. पहिली जोडी जमिनीवर मांडून, मध्ये फळीचा तुकडा धरून, खाचांमधले अंतर १६ फूट भरते का ते पाहावे. मगच बाकीचे वासे कापावेत.

या हिशेबातून वाशाची जाडी कळत नाही. ती कौलांचे वजन, लाकडाची जात आणि दोन वाशांमधले अंतर यांवर ठरते.