बालनिवेदकाची कविता

लहान मुलाच्या तोंडून सांगितलेली, पण प्रौढ वाचकासाठी लिहिलेली कविता. बालगीताशी तिची गल्लत होते, कारण दोन्हींची भाषा साधी असते आणि दोन्हींत मूल बोलते. बालगीत मुलांसाठी असते आणि त्यातले मूल जेवढे बोलते तेवढाच त्याचा अर्थ असतो. बालनिवेदकाच्या कवितेत मूल जे पाहते ते अचूक सांगते, मात्र आपण काय सांगितले हे त्याला कळत नाही. ते वाचकाला कळते. सांगणे आणि कळणे यांच्यातल्या या अंतरावरच कविता उभी असते. समीक्षेत अशा निवेदकाला ‘अविश्वसनीय निवेदक’ म्हणण्याची पद्धत आहे. ते नाव इथे थोडे अन्यायाचे आहे. मूल खोटे बोलत नाही, लपवतही नाही. त्याच्या माहितीत चूक नसते, फक्त तिचा निष्कर्ष त्याने काढलेला नसतो.

या प्रकाराचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण म्हणजे विल्यम ब्लेक या इंग्रज कवीची, धुराडी साफ करणाऱ्या मुलावरची 1789 मधली 24 ओळींची कविता. ती समजायला काळाची थोडी माहिती लागते. त्या काळच्या इंग्लंडमध्ये कोळशाची काजळी खरवडायला लहान मुलांना धुराड्यात चढवत. काही धुराडी जेमतेम 9 इंच रुंद असत, त्यामुळे मूल जितके लहान तितके मालकाच्या सोयीचे. गरीब आईबाप पैसे घेऊन मूल मालकाच्या हवाली करत. 1788 च्या कायद्याने आठ वर्षांखालच्या मुलांना या कामावर घ्यायला बंदी केली, पण तो पाळला जात नव्हता. काजळीमुळे या कामगारांना होणाऱ्या कर्करोगाची नोंद पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने 1775 मध्येच केली होती. म्हणजे ब्लेकच्या वाचकाला मुलापेक्षा जास्त माहीत असणे शक्य होते, आणि कविता नेमकी त्यावर विसंबते.

पहिल्या कडव्यात मुलगा आपली हकिकत सांगतो: मी अगदी लहान असताना आई गेली, मला नीट बोलताही येत नव्हते तेव्हा बापाने मला विकले, म्हणून मी तुमची धुराडी झाडतो आणि काजळीत झोपतो. यात तक्रारीचा एकही शब्द नाही. सारे वजन ‘म्हणून’वर आहे. आई मेली आणि बापाने विकले, तेव्हा झाडणे ओघानेच आले, असा त्याचा हिशेब आहे. पोराच्या लेखी ही साधी कारणमीमांसा. वाचकाला मात्र त्या जोडणीत एक अख्खी समाजव्यवस्था दिसते. ‘तुमची’ हा शब्दही तो सहज वापरतो. त्याच्या दृष्टीने ऐकणारा म्हणजे गिऱ्हाईक. पण ज्याच्या घरात धुराडे आहे तो वाचक त्या एका शब्दाने गोष्टीत ओढला जातो. रस्त्यावर ‘स्वीप’ अशी हाळी द्यायची तर बोबड्या जिभेला ‘वीप’ एवढेच जमते, आणि इंग्रजीत त्याचा अर्थ होतो ‘रड’. मुलाच्या कानाला ते जाणवत नाही.

पुढे टॉम नावाचा नवा पोरगा येतो. कोकराच्या पाठीसारखे त्याचे कुरळे केस भादरले जातात, तो रडतो. निवेदक त्याची समजूत घालतो: गप रे, डोके बोडके असले की काजळीने तुझे पांढरे केस खराब तरी होणार नाहीत. समजूत तर्काला धरून आहे आणि टॉमला ती पटतेही. केसच उरले नाहीत तर ते मळणार कुठून? माझ्या मते कवितेतली सर्वांत भेदक जागा ही आहे, शेवट नव्हे. इथे मूल स्वतःच्या बुद्धीने विचार करते, तो विचार प्रेमळ आहे, आणि तरीही तो नुकसानीलाच सोय ठरवतो.

त्या रात्री टॉमला स्वप्न पडते. हजारो पोरे काळ्या शवपेट्यांत कुलूपबंद आहेत. देवदूत चकाकती किल्ली घेऊन येतो, पेट्या उघडतो, मुले हिरव्या माळावरून हसत पळतात आणि नदीत न्हातात. शवपेटी म्हणजे धुराडे हे वाचकाला लगेच उमगते. मग सुटका म्हणजे मरण हेही नाकारता येत नाही. टॉमला ते फक्त सुंदर स्वप्न वाटते. चांगला मुलगा झालास तर देव तुझा बाप होईल, असे देवदूत त्याला सांगतो. पहाटे अंधारात उठून दोघे पिशव्या आणि ब्रश घेऊन कामाला निघतात. थंडी असूनही टॉमला ऊब वाटते, आणि कविता एका बोधवाक्यावर संपते: सगळ्यांनी आपापले कर्तव्य केले तर कुणाला भीती नाही.

हे वाक्य मुलाचे वाटत नाही. ‘म्हणून मी झाडतो’ किंवा केसांची समजूत ही त्याची स्वतःची भाषा होती. हे मात्र कुणा मोठ्याचे, मालकाचे किंवा धर्मोपदेशकाचे, ऐकून पाठ झालेले. मुलाची स्वतःची आणि उसनी भाषा जिथे एकमेकींना भिडतात तिथे या प्रकारच्या कवितेतले अंतर सर्वांत रुंद होते. ‘सगळ्यांनी’मध्ये बाप, मालक, गिऱ्हाईकही आले, आणि त्यांनी कर्तव्य केलेले नाही, हे वाचकाने पहिल्याच कडव्यात वाचलेले असते.

ब्लेकने 1794 मध्ये याच विषयावर दुसरी, 12 ओळींची कविता प्रसिद्ध केली. तिच्यातला मुलगा सगळे जाणतो. आईबाप प्रार्थनेला गेलेत, मी नाचतो-गातो म्हणून आपण याला काही इजा केलेली नाही असे त्यांना वाटते, असे तो रोखठोक सांगतो. इथे अंतर मिटते आणि कविता आरोपपत्र होते. ती जोरकस आहे, पण वाचकाला स्वतः काही जोडायचे उरत नाही.

अंतर राखण्याची वेगळी रीत अमेरिकन कवी काउंटे कलन यांच्या 1925 मधल्या 12 ओळींच्या कवितेत दिसते. आठ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा बाल्टिमोरला येतो, आपल्याएवढ्याच एका मुलाकडे पाहून हसतो. तो दुसरा मुलगा जीभ काढून दाखवतो आणि वंशवाचक शिवी देतो. त्यावर भाष्य नाही. मे ते डिसेंबर सगळे शहर पाहिले, पण आठवते ते एवढेच, अशी शेवटची नोंद. बोलणारा आता मोठा आहे, तरी तो मुलाच्या शब्दसंग्रहाबाहेर जात नाही.

हा प्रकार फसतो तो बहुधा एका ओळीने. समजा मूल म्हणाले, ‘आई रात्री रेडिओ मोठा करून भांडी दोनदा घासते.’ एवढे पुरे असते. पुढे ‘म्हणजे तिचे रडणे मला ऐकू येऊ नये’ असे जोडले की मुलाच्या मागे उभा असलेला कवी दिसतो. उलट चूकही होते: भोळेपणा इतका गोड केला जातो की मूल बावळट वाटते. ब्लेकचा पोरगा बावळट नाही, हातातल्या माहितीवर तो उत्तम तर्क करतो. पडताळणी सोपी आहे. तेच शब्द प्रौढाच्या तोंडी घालून पाहावेत. अर्थ जसाच्या तसा राहिला तर मूल केवळ वेषापुरते होते.

या रीतीला एक मर्यादाही आहे. अंतराचे दुसरे टोक वाचकाच्या माहितीत असते, आणि माहिती काळाबरोबर विरते. धुराड्यातल्या मुलांची प्रथा इंग्लंडमध्ये 1875 च्या कायद्यानंतर संपली. ती ठाऊक नसलेल्या वाचकाला ब्लेकची कविता गोड धार्मिक गोष्ट वाटू शकते. समीक्षकांतही शेवटच्या ओळीवर एकमत नाही. काहींना ती निखळ उपरोध वाटते. इतरांचे म्हणणे असे की, टॉमला लाभलेली ऊब खरी आहे, तिला खोटे ठरवणे म्हणजे त्या मुलाकडे उरलेली एकमेव गोष्टही काढून घेणे. कवितेत कवीचा स्वतःचा आवाज कुठेच नसल्यामुळे हा वाद मजकुराच्या आधारे मिटवता येत नाही.