नफा वाढला, मग फंड का घसरला?

म्युच्युअल फंडात नव्याने पैसे गुंतवणाऱ्याला एक प्रश्न हमखास पडतो: फंडातल्या कंपन्यांचे तिमाही निकाल चांगले लागले, नफा वाढल्याच्या बातम्या आल्या आणि तरीही फंडाची एनएव्ही खाली कशी आली? याचे पहिले कारण असे की एनएव्ही काढताना कंपनीच्या नफ्याचा आकडा कुठेच वापरला जात नाही. फंडाकडे असलेल्या प्रत्येक शेअरचा त्या दिवशीचा बंद भाव घेऊन एकूण मूल्य काढायचे, त्यातून खर्च व देणी वजा करायची आणि युनिट्सच्या संख्येने भागायचे, एवढाच तो हिशेब असतो. नफ्याचा परिणाम होतो तो शेअरच्या भावातून, आणि भाव ठरताना नफ्याबरोबर इतरही गोष्टी येतात.

याचे उत्तम उदाहरण 2024 च्या जानेवारीत घडले. एचडीएफसी बँकेने 16 जानेवारीला बाजार बंद झाल्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर 2023 या तिमाहीचा निकाल जाहीर केला. निव्वळ नफा सुमारे 16,370 कोटी रुपये होता, म्हणजे आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा जवळपास एक तृतीयांशाने जास्त. दुसऱ्या दिवशी शेअर 8 टक्क्यांहून अधिक आपटला आणि सुमारे 1,679 रुपयांवरून 1,537 वर बंद झाला. (हे भाव 2025 मधील एकास एक बोनसच्या आधीचे आहेत, त्यामुळे आजच्या आलेखात ते निम्मे दिसतात.) निफ्टी 50 मध्ये या एकट्या बँकेचे वजन तेव्हा सुमारे 13 टक्के होते. तेराचे साडेआठ टक्के म्हणजे साधारण 1.1 टक्के; त्या दिवशी निफ्टी एकूण 2.1 टक्के घसरला, म्हणजे निम्मी घसरण एकाच शेअरमुळे झाली. निफ्टीचा इंडेक्स फंड असलेल्याची एनएव्हीही जवळपास तेवढीच उतरली, मग उरलेल्या 49 कंपन्यांपैकी कितींनी चांगला निकाल लावला हा प्रश्न त्या दिवसापुरता गौण ठरला.

नफा एक तृतीयांशाने वाढला असताना बाजार नाराज का झाला? बातमीच्या मथळ्यात जे आले नाही ते इथे पाहावे लागते. जुलै 2023 मध्ये एचडीएफसी लिमिटेड ही गृहकर्ज कंपनी बँकेत विलीन झाली होती आणि तिच्या भागधारकांना 25 शेअरमागे बँकेचे 42 शेअर मिळाले होते. त्यामुळे बँकेच्या एकूण शेअरची संख्याही जवळपास एक तृतीयांशाने वाढली होती. नफा आणि शेअर दोन्ही सारख्याच प्रमाणात वाढले, तेव्हा प्रत्येक शेअरच्या वाट्याला येणारा नफा जवळपास होता तिथेच राहिला. भागधारकाच्या, म्हणजेच फंडाच्या, दृष्टीने हाच आकडा खरा असतो. एकूण नफ्याचा आकडा मथळ्यासाठी बरा.

दुसरी अडचण पुढच्या काळाची होती. विलीनीकरणाने कर्जे भरपूर आली, पण त्या मानाने ठेवी आल्या नाहीत, आणि कर्जांची रक्कम ठेवींपेक्षा सुमारे 10 टक्क्यांनी जास्त झाली. त्या तिमाहीत ठेवींची वाढही मंद होती. ठेवी वाढवायच्या तर जास्त व्याज द्यावे लागेल, किंवा कर्जे देण्याचा वेग कमी करावा लागेल. दोन्हींत नफ्याची वाढ मंदावण्याची भीती. परदेशी संस्थांनी त्या एका दिवसात भारतीय बाजारात 10,000 कोटींहून अधिक रुपयांची निव्वळ विक्री केली.

आता हे अंकगणितात मांडून पाहू. शेअरचा भाव म्हणजे प्रति शेअर नफा गुणिले त्या नफ्यासाठी बाजार देऊ करत असलेली पट. या पटीलाच पीई म्हणतात. समजा, प्रति शेअर नफा 50 रुपये आणि पीई 30 आहे, तर भाव 1,500 होतो. वर्षभराने नफा 15 टक्क्यांनी वाढून 57.50 रुपये झाला, पण बाजाराची अपेक्षा 25 टक्के वाढीची होती. अपेक्षाभंगाने पीई 24 वर आला, तर भाव 1,380 होतो, म्हणजे नफा वाढूनही 8 टक्के तोटा. शिवाय पीई कमी होण्यासाठी कंपनीच काही चुकली पाहिजे असे नाही; व्याजदर वाढले की रोख्यांवर चांगला परतावा मिळतो आणि भविष्यातल्या नफ्यासाठी जास्त पट मोजायला कोणी तयार होत नाही. तेव्हा सगळ्याच कंपन्यांचे पीई एकदम उतरतात.

फंड घसरल्यावर दोष नफ्याचा की पटीचा हे पाहायचे असेल, तर निर्देशांकाचा पीई राष्ट्रीय शेअर बाजार रोज प्रसिद्ध करतो. निर्देशांक आणि पीई सारख्याच टक्क्यांनी खाली आले असतील, तर नफा जागच्या जागी आहे. पीई जास्त उतरला असेल, तर दरम्यान नफा वाढलेला आहे. मात्र जुनी तुलना करताना एक तारीख लक्षात ठेवावी. 31 मार्च 2021 पासून हा पीई उपकंपन्यांचा नफा धरून काढला जाऊ लागला आणि निफ्टीचा पीई एका दिवसात सुमारे 40 वरून 33 वर आला. त्या दिवशी बाजार स्वस्त झाला नव्हता, फक्त मोजणी बदलली होती.