फवारणीचा तक्ता स्लाईडवर स्पष्ट दिसावा म्हणून: पीडीएफच्या पानातला हवा तेवढाच चौकोन कसा घ्यावा

मागच्या खरिपाआधी एका शेतकरी गटासाठी आम्ही स्लाईड करून दिल्या. माहितीपुस्तिकेची पीडीएफ होती. त्यातला पऱ्हाटीच्या फवारणीचा तक्ता आम्ही स्क्रीनशॉट काढून स्लाईडवर लावला. लॅपटॉपवर बरा दिसला. समाजमंदिराच्या भिंतीवर पडला तेव्हा मागच्या सतरंजीवरून एका काकांनी विचारलं, "भाऊ, थे तीन हाय का आठ?" औषधाच्या मात्रेत तीन आणि आठ यांत फार मोठा फरक आहे. चूक आमची होती. तेव्हापासून हे काम आम्ही वेगळ्या रीतीनं करतो. तुम्हालाही घरी करता यावं म्हणून ती रीत इथे देत आहोत.

आधी अक्षर का फाटलं ते पाहू. स्क्रीनशॉट म्हणजे पडद्यावर त्या क्षणी जेवढे ठिपके दिसतात तेवढेच उचलणं. साध्या लॅपटॉपवर ए-फोर आकाराचं अख्खं पान दिसत असेल, तर पानाच्या ११.६९ इंच उंचीला जेमतेम ६०० ठिपके मिळतात, म्हणजे इंचाला ५० च्या आसपास. आपला तक्ता ४ इंच रुंद होता, त्याच्या वाट्याला सुमारे २०० ठिपके आले. स्लाईडची रुंदी १३.३३ इंच असते. त्यातली १० इंच जागा तक्त्याला दिली आणि प्रोजेक्टर १९२० ठिपक्यांचा असला, तर तिथे १४४० ठिपके लागतात. २०० चे १४४० करताना संगणक मधले ठिपके अंदाजानं भरतो, आणि त्यात आठाची आणि तीनाची वळणं एकमेकांत मिसळतात.

आता हिशेब उलटा करा. १४४० ठिपके ४ इंचांत हवेत, म्हणजे इंचाला ३६०. आम्ही थोडे वाढवून ४०० धरतो.

अ‍ॅडोबी रीडरमध्ये पीडीएफ उघडून Ctrl+K दाबा. General या भागात `Use fixed resolution for Snapshot tool images` असं लिहिलेलं असतं. तिथे खूण करा आणि शेजारच्या रकान्यात 400 टाका. हे एकदाच करावं लागतं. मग मेनूतून `Take a Snapshot` निवडा आणि माऊस दाबून धरत तक्त्याभोवती चौकोन ओढा. चारही बाजूंनी किंचित मोकळी जागा ठेवा, नाहीतर वरच्या ओळीची वेलांटी कापली जाते. माऊस सोडला की चित्र उचललं जातं. पॉवरपॉइंटमध्ये Ctrl+V दाबून ते चिकटवा आणि लहानमोठं करताना कोपरा धरूनच ओढा. फाईल म्हणून ठेवायचं असेल तर पेंटमध्ये चिकटवून पीएनजी प्रकारात सेव्ह करा. जेपीजीमध्ये अक्षरांच्या कडेला मळकट डाग येतात.

अख्खं पान का नाही लावायचं, असं काही जण विचारतात. पुस्तिकेतलं अक्षर साधारण ९ पॉइंटचं असतं. ११.६९ इंचांचं पान ७.५ इंच उंचीच्या स्लाईडमध्ये बसवलं की ते ६ पॉइंटच्याही खाली जातं. ४ इंचांचा तक्ता १० इंच केला की तेच अक्षर २२ पॉइंटचं होतं. मजकूर कॉपी करून चिकटवण्याच्या भानगडीतही पडू नका. जुन्या मराठी फॉन्टच्या पीडीएफमधून जोडाक्षरं तुटून येतात, कधी तर नुसतीच भलती चिन्हं येतात. चित्रात अक्षर जसंच्या तसं राहतं.

मात्र एक गोष्ट आधी तपासाच. पान ६०० टक्के मोठं करून एकच अक्षर पाहा. कडा गुळगुळीत राहिली तर वरची रीत चालेल. कडेला पायऱ्या किंवा करडे चौकोन दिसले, तर ते पान स्कॅन केलेलं आहे. मग 400 टाका की 1200, फाईल जड होईल, अक्षर सुधारणार नाही, कारण स्कॅन करताना जे ठिपके आलेच नाहीत ते नंतर येत नाहीत. अशा वेळी छापील पुस्तिका मिळत असेल तर दुकानात घेऊन या, तेवढाच तक्ता आम्ही ४०० वर पुन्हा स्कॅन करतो. पुस्तिकाच नसेल तर तक्ता नव्यानं टाईप करू, पण आकडे तुमच्यासमोर बसून ताडून घेऊ.

चित्र आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं असेल, तर फोटो म्हणून पाठवू नका, वाटेत त्याचे ठिपके कमी होतात. `Document` निवडून पाठवा. आणि स्लाईड तयार झाली की कार्यक्रमाच्या आधी एकदा भिंतीवर टाकून शेवटच्या ओळीत बसून वाचा. तिथून तीन आणि आठ वेगळे ओळखू आले पाहिजेत.